‘फोटोवरून सांगता येत नाही’ हे सराफाने लिहून द्यावं

झवेरी बाजारात आता गिऱ्हाईक येण्याआधी त्याचा फोटो येतो. अंगठीचा, कुडीचा, मंगळसूत्राच्या पदकाचा. खाली एकच प्रश्न असतो, “खरा आहे का हो?” आणि मिनिटभरात उत्तरही जातं. कुणी लिहितो, “हो, हिराच आहे.” कुणी लिहितो, “अमेरिकन डायमंड वाटतोय.” दोघंही अनुभवी असतात, दोघांचीही नियत साफ असते आणि दोघांनीही उत्तर द्यायलाच नको होतं. पांढऱ्या खड्याच्या एका फोटोवरून तो हिरा आहे की नाही, हे सांगता येत नाही. असला तरी तो खाणीतला आहे की प्रयोगशाळेतला, हे तर अजिबातच सांगता येत नाही. माझं म्हणणं एवढ्यावर संपत नाही. “सांगता येत नाही” हे उत्तर कागदावर यायला हवं आणि त्यापुढे कोणती तपासणी केली की सांगता येईल, हेही लिहिलेलं हवं. तसं नसेल तर त्या नकाराचाही काही उपयोग नाही.

फोटो कमी का पडतो ते आधी पाहू. पांढरा, गोल, सत्तावन्न-अठ्ठावन्न पैलूंचा खडा चार गोष्टींपैकी काहीही असू शकतो. खाणीतला हिरा, प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा, मोइसनाइट आणि आपण ज्याला सवयीने अमेरिकन डायमंड म्हणतो ती क्युबिक झिर्कोनिया. काच, पांढरा नीलम वगैरे तूर्त बाजूला ठेवू. या चौघांत फरक आहेत आणि ते मोठे आहेत. पण ते वजनात आहेत, उष्णता वाहून नेण्यात आहेत, प्रकाशकिरण दुभंगण्यात आहेत, अणूंच्या मांडणीतल्या अशुद्धीत आहेत. फोनच्या कॅमेऱ्याला यातलं काहीच टिपता येत नाही. त्याला रंग, आकार आणि चमक मिळते, त्यातही रंग तो स्वतःच्या हिशोबाने दुरुस्त करतो. मोइसनाइट हिऱ्यापेक्षा दुपटीहून जास्त रंग फाकवतो हे पुस्तकात खरं आहे. पण दुकानातल्या झुंबराखाली साधा हिराही इंद्रधनुष्य उधळतो आणि ढगाळ दुपारी खिडकीशी मोइसनाइटही शांत दिसतो. चमकेवरून निकाल देणारा माणूस बहुतेक वेळा खोलीतल्या दिव्याबद्दल बोलत असतो.

या गफलतीला इतिहासही मोठा आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ यांना १८९३ मध्ये ॲरिझोनातल्या उल्केच्या तुकड्यांत काही स्फटिक सापडले. त्यांनी आधी ते हिरे समजले. ते सिलिकॉन कार्बाइड असल्याचं त्यांनी १९०४ मध्ये ओळखलं आणि पुढे त्यांच्याच नावावरून त्या खनिजाला मोइसनाइट म्हणू लागले. म्वासाँ यांना १९०६ साली नोबेल मिळालं. त्यांच्या तोडीच्या माणसाला पुढची तपासणी करावी लागली, आणि आपण अंगठ्याने टाइप करून निकाल देतो.

आता मला सल्ला विचारणाऱ्या गिरगावातल्या एका घराची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात बहुतेक पायऱ्या येतात. आई गेल्यावर तिघा भावंडांत दागिने वाटायचे होते. सोन्याचं वजन करून वाटणी झाली, अडलं ते एका अंगठीपाशी. वर एकच पांढरा खडा, सोबत १९८८ चं पिवळं पडलेलं बिल: “हिरा १ नग, ०.९७ कॅरट”. धाकट्या मुलीने अंगठीचा फोटो ओळखीच्या तीन सराफांना पाठवला. एकाने हिरा म्हटलं, एकाने अमेरिकन डायमंड. तिसरा म्हणाला, “हल्ली लॅबचेच असतात.” फोटो तिघांना एकच गेला होता, तोही वरून, समोरून काढलेला. सगळे तसाच काढतात.

तो कोन इथे नेमका चुकीचा आहे. मोइसनाइटमध्ये शिरलेला प्रकाशकिरण दोन भागांत फुटतो, त्यामुळे भिंगातून पाहिलं की खड्याच्या तळाकडच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात तसं होत नाही. पण मोइसनाइटचा स्फटिक ज्या एका दिशेने किरण दुभंगत नाही, तीच दिशा वरच्या सपाट पैलूशी काटकोनात येईल अशा बेताने तो कापतात. म्हणजे बरोबर वरून पाहिलं तर दुहेरी कडा लपतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यायचं, खडा तिरका करायचा आणि वरच्या बाजूच्या पतंगाकृती पैलूंतून खाली पाहायचं, की त्या दिसू लागतात. समोरून काढलेले दहा फोटो पाठवले तरी ही गोष्ट कळणार नाही. भिंगाला मोबाइल टेकवून तिरका काढलेला एक फोटो पुष्कळ सांगून जाईल. “अजून फोटो पाठवा” असं म्हणणारा सराफ कोणता फोटो हवा हे सांगत नसेल, तर तो गिऱ्हाइकाचा आणि स्वतःचाही वेळ घालवतो आहे.

गिरगावच्या अंगठीत कडा एकेरी दिसल्या. त्यामुळे मोइसनाइट बाद झाला. अमेरिकन डायमंड मात्र बाद झाला नाही, कारण त्यातही किरण दुभंगत नाही. त्यासाठी टेस्टर पेन लागतं. पेनाचं तापलेलं टोक खड्याला टेकवलं की उष्णता किती वेगाने ओढली जाते, हे ते मोजतं. हिरा उष्णता भसाभस ओढतो, झिर्कोनिया ओढत नाही. मोइसनाइटही बऱ्यापैकी ओढतो, म्हणून फक्त उष्णता मोजणारं साधं पेन त्याला हिरा म्हणून पास करतं. यावर उतारा म्हणून वीजवाहकताही मोजणारी पेनं आली, कारण मोइसनाइटमधून सहसा थोडी वीज जाते. पण काही मोइसनाइटमधून वीज जवळजवळ जात नाही, आणि बोरॉन असलेल्या काही हिऱ्यांतून जाते. शिवाय टोक चुकून कोंदणाच्या सोन्याला लागलं तर वाचन बिघडतं. म्हणून भिंग आणि पेन ही जोडी हवी. एकाच्या आंधळ्या जागी दुसरं पाहतं. (काचेवर ओरखडा काढून पाहणाऱ्यांसाठी: झिर्कोनियाही काचेवर ओरखडा काढतो. त्यातून काच खराब होण्यापलीकडे काही निष्पन्न होत नाही.)

पेनाने अंगठीतला खडा हिरा ठरवला. थोरल्या भावाने सुटकेचा श्वास सोडला. दुकानात बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. प्रयोगशाळेतला हिरा हा नकली हिरा नव्हे. तोही कार्बन, तीच स्फटिकरचना, तीच कठीणता, तीच उष्णतावाहकता. भिंगातून कडा एकेरी, पेनावर हिरा, वजन-आकाराचं गणितही तेच. “तीस वर्षांची नजर आहे माझी,” असं म्हणणाऱ्या सराफाबद्दल मला आदर आहे, पण ती नजर काच आणि झिर्कोनिया पकडण्यात तयार झाली. जिथे डोळ्याला दिसेल असा फरकच नाही, तिथे अनुभवाने आत्मविश्वास वाढतो, अचूकता वाढत नाही. किमतीत मात्र फरक प्रचंड आहे. त्याच आकाराचा आणि दर्जाचा प्रयोगशाळेतला हिरा खाणीतल्याच्या अगदी थोड्या अंशाला मिळतो. त्याला कमी लेखायचं कारण नाही. २०२३ च्या जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला भेट दिला तो साडेसात कॅरटचा हिरा प्रयोगशाळेतलाच होता. वाटणीच्या वेळी किंवा विकताना मात्र तो कोणता आहे हे कळायलाच हवं.

इथे बिल कामाला येतं, असं त्या घरातल्यांना वाटलं आणि ते तर्काला धरून होतं. प्रयोगशाळेत हिरा पहिल्यांदा १९५० च्या दशकात बनला तो औद्योगिक कामाचा होता. दागिन्यात बसवण्याजोगे रंगहीन हिरे दुकानांपर्यंत पोचले ते या शतकात. तेव्हा १९८८ मध्ये विकलेला हिरा खाणीतला असणार, हे जवळजवळ नक्की. फोटोपेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम आहे. पण तो बिलावरच्या हिऱ्याबद्दल आहे, अंगठीतल्या हिऱ्याबद्दल नाही. मधल्या काळात अंगठी दोनदा दुरुस्तीला गेली होती, एकदा माप वाढवायला आणि एकदा कोंदणाचा काटा बसवायला. बिल आणि खडा यांना जोडणारा दुवा तपासायचा राहिला होता.

तो तपासण्याचा उपाय साधा होता. खडा कोंदणातून काढला आणि तोलला. वजन भरलं १.०२ कॅरट. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजे फरक दहा मिलिग्रॅमचा. डोळ्याला तो दिसणार नाही, काट्यावर सरळ दिसतो. पुन्हा पॉलिश केल्यावर हिऱ्याचं वजन घटतं, वापरून कधी वाढत नाही. तरी यावरून लगेच निकाल द्यायला मी तयार नव्हतो. त्या काळी काही दुकानांत वजन अंदाजाने लिहिलं जायचं. वजनाने संशय उभा केला, पुढे जायचं कारण दिलं, एवढंच म्हणणं रास्त होतं. झिर्कोनिया असता तर मात्र वजनानेही निकाल लागला असता, कारण साधारण साडेसहा मिलिमीटर व्यासाचा हिरा एक कॅरटच्या आसपास भरतो आणि तेवढाच झिर्कोनिया दीडपटीहून जड लागतो. मोइसनाइट मात्र हिऱ्याहून जेमतेम नऊ टक्के हलका असतो. खडा थोडा जाड-पातळ कापला तर हा फरक बुडून जातो. कोणती तपासणी कोणत्या जोडीला वेगळं करते आणि कोणत्या जोडीपुढे गप्प बसते, हे माहीत असणं हीच या धंद्यातली खरी विद्या आहे.

पुढची पायरी स्क्रीनिंग यंत्राची. हे यंत्र नायट्रोजन शोधतं. जमिनीखाली दीडशे-दोनशे किलोमीटर खोल, कोट्यवधी-अब्जावधी वर्षं तापत राहिलेल्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू एकमेकांना धरून गठ्ठे करून बसलेले असतात. असे हिरे खोल अतिनील प्रकाश अडवतात. प्रयोगशाळेत हिरा काही आठवड्यांत वाढतो आणि तो पांढरा यावा म्हणून नायट्रोजनला बाहेरच ठेवलं जातं. असा हिरा तो प्रकाश पलीकडे जाऊ देतो. यंत्र एवढंच पाहतं आणि दोनच उत्तरं देतं: “पास” किंवा “रेफर”, म्हणजे पुढे पाठवा.

मला या यंत्राचं कौतुक वाटतं ते दुसऱ्या उत्तरासाठी. “हा प्रयोगशाळेतला” असं ते म्हणत नाही, म्हणूही शकत नाही, कारण खाणीतल्या हिऱ्यांपैकीही एक-दोन टक्क्यांत जवळजवळ नायट्रोजन नसतो. यांना टू-ए प्रकार म्हणतात आणि त्यांत भलतेच खानदानी नमुने आहेत. दक्षिण आफ्रिकेतला प्रसिद्ध कलिनन याच प्रकारचा. आपल्या गोवळकोंड्याच्या हिऱ्यांची कीर्ती ज्या पाणीदार पारदर्शकतेमुळे झाली, तीही याच प्रकाराशी जोडली जाते. कलिनन त्या यंत्राखाली ठेवला तर यंत्र त्याला नम्रपणे “रेफर” करेल. तो वाईट ठरला म्हणून नव्हे, एवढ्या माहितीवर ठरवता येत नाही म्हणून. यंत्र बनवणाऱ्यांनी आपल्या मर्यादेला उत्तराचं रूप दिलं. माणसाने का देऊ नये?

गिरगावचा खडा “रेफर” झाला. तिथल्या तिथे कुणीतरी म्हणालं, “म्हणजे लॅबचाच.” तसं नाही. या शब्दाचा अर्थ खडा कुठून आला त्यावर फिरतो. ज्याचा इतिहास पक्का आहे अशा जुन्या दागिन्यांतले शंभर हिरे तपासले तर त्यांतला एखाद-दुसरा रेफर होणारच आणि तोही खाणीतलाच असेल. सरमिसळ झालेल्या नव्या मालात रेफर झालेला जवळजवळ प्रत्येक खडा प्रयोगशाळेतला निघेल. इथे इतिहास होता, पण वजनाने त्याला तडा दिला होता. घरच्यांना मी एवढंच सांगू शकलो, की संशय आता वाढला आहे आणि प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा खर्च करण्याजोगा झाला आहे.

वांद्रे-कुर्ला संकुलात, भारत डायमंड बोर्सच्या परिसरात, अशी तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. तिथे दोन गोष्टी प्रामुख्याने पाहतात. तीव्र अतिनील प्रकाशात खडा कसा उजळतो, हे एक. त्या उजेडात हिऱ्याची वाढ कशी झाली याचा नकाशा उमटतो: खाणीतल्यात साधारण समकेंद्री, वेडीवाकडी वलयं, उच्च दाबाने बनवलेल्यात फुलीसारखे ठळक विभाग, वायूतून थर चढवत वाढवलेल्यात, म्हणजे सीव्हीडीत, जवळजवळ समांतर रेषा. दुसरी तपासणी वर्णपटाची. खडा द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत थंड करून त्यावर लेसर टाकतात आणि परत येणारा प्रकाश तपासतात. सीव्हीडी हिऱ्यांत बऱ्याचदा सिलिकॉनची एक खूण ७३७ नॅनोमीटरपाशी उठते, कारण ज्या भट्टीत तो वाढतो तिच्या काचेतून सिलिकॉनचे अणू आत शिरतात. पण खाणीतल्या हिऱ्यांतही ही खूण क्वचित सापडली आहे, आणि वाढीनंतर तापवलेल्या सीव्हीडी हिऱ्यांचा उजेड बदलतो. म्हणून प्रयोगशाळाही एका खुणेवर सही करत नाही, दोन-तीन एका दिशेने बोलल्या की करते. अंगठीतल्या खड्यात समांतर रेषा होत्या आणि सिलिकॉनची खूणही होती. अहवाल आला: सीव्हीडी, प्रयोगशाळेत वाढवलेला.

यावर साहजिक प्रश्न आला, की बदलला कुणी? त्याचं उत्तर कोणत्याही यंत्रात नाही. अहवाल खडा काय आहे ते सांगतो, कोंदणात तो कधी आला ते सांगत नाही. दोन्ही दुरुस्त्यांच्या पावत्यांवर फक्त “अंगठी १, वजन अमुक ग्रॅम” असं होतं. त्या पावत्यांवरून कुणावरही बोट ठेवणं हा फोटोवरून निकाल देण्याचाच प्रकार झाला असता. भावंडांना मी तसं स्पष्ट सांगितलं, त्यांना ते आवडलं नाही.

आता सार्वजनिक बाजूकडे येतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १५७६६ : २०१९ या मानकानुसार नुसतं “हिरा” म्हटलं की तो नैसर्गिकच असायला हवा, दुसऱ्याला तसं विशेषण जोडावं लागतं. नियम चांगला आहे. पण नियम शब्दाचा आहे, तो शब्द कशाच्या आधारे लिहिला हे विचारण्याची सोय बिलावर नाही. ग्राहकाला वाटतं हॉलमार्क आहे ना. हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, सोन्याच्या शुद्धतेबद्दल बोलतो, खड्याबद्दल एक शब्दही नाही. सोनेतारण कर्ज देणाऱ्यांनी हा पेच केव्हाच ओळखला आहे. ते खड्यांचं वजन वजा करतात आणि मोकळे होतात. तेवढं स्वातंत्र्य वारसांना किंवा विकत घेणाऱ्याला नसतं.

सर्टिफिकेट आहे, असंही लोक सांगतात. तेही बहुधा फोटोतच. खाणीतल्या हिऱ्याचा खरा अहवाल घ्यायचा, त्या मापाचा प्रयोगशाळेतला हिरा कापायचा आणि त्याच्या कमरेवर, म्हणजे बाजूच्या कडेवर, लेसरने तोच क्रमांक कोरायचा, असे प्रकार नामवंत प्रयोगशाळांनी स्वतः उघड केले आहेत. क्रमांक जुळला याचा अर्थ एवढाच, की कुणीतरी तो कोरला. वजन शंभरांश कॅरटपर्यंत, मापं शंभरांश मिलिमीटरपर्यंत आणि आतल्या डागांचा नकाशा, हे सगळं जुळलं तर कागद आणि खडा एकमेकांचे. शंका उरली तर पुन्हा तपासणी.

माझ्या सूचनेवर सराफांचा आक्षेप मला ठाऊक आहे. “आम्ही ‘सांगता येत नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, तिथे त्याला छातीठोक उत्तर मिळतं.” हे खरं आहे, म्हणूनच हा एकट्या दुकानदाराच्या सचोटीवर सोडण्याचा विषय नाही. बिलात एक रकाना सक्तीचा करा: खडा कसा तपासला. “फक्त पाहून”, “भिंग व टेस्टर”, “स्क्रीनिंग: पास”, “स्क्रीनिंग: रेफर”, “प्रयोगशाळा अहवाल क्रमांक”. सगळ्यांनाच लिहावं लागलं की “फक्त पाहून” लिहिणारा एकटा पडणार नाही आणि छातीठोकपणाला भावही उरणार नाही. फोटोवरून जुने दागिने घेणाऱ्यांनी एक आकडा देण्याऐवजी दोन द्यावेत, खाणीतला निघाला तर इतके, प्रयोगशाळेतला निघाला तर इतके, आणि निकाल कोणत्या तपासणीने लागेल तेही तिथेच सांगावं.

दुसरा आक्षेप खर्चाचा, तो अर्धा मान्य. कुडीतल्या बारीक खड्यांपैकी प्रत्येकाला लेसरखाली नेणं वेडेपणाचं आहे, तपासणीच खड्याहून महाग पडेल. तिथे “भिंग व टेस्टर, उगम तपासलेला नाही” असं लिहून थांबणं पूर्ण प्रामाणिक आहे, आणि घेणाऱ्याने त्याच समजुतीने किंमत द्यावी. अर्ध्या कॅरटच्या पुढच्या एकट्या खड्याला मात्र ही सवलत नको.

दुरुस्तीच्या पावतीचं तर काम दहा मिनिटांचं आहे. खड्याचा व्यास, टेस्टरचं वाचन, भिंगातून दिसणाऱ्या डागांचा एक तिरका फोटो, आणि खडा काढावा लागला तर त्याचं सुटं वजन. दोन प्रती, दोघांच्या सह्या. दागिना परत घेताना त्याच डागांवर भिंग धरून पाहायचं, काउंटरवरच.